बाप जामीन राहिला, मुलगा बुडाला: कलम 16 लावायचं ते कुणाविरुद्ध?

प्रश्न: मी एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाला आहे. करार कायद्याच्या पेपरात असा प्रश्न होता: क हे 74 वर्षांचे निवृत्त प्राथमिक शिक्षक, विधुर. मुलगा ख याचा फर्निचरचा कारखाना. ख च्या बँकेचा मॅनेजर ख ला घेऊन घरी येतो, क हमीपत्रावर सह्या करतात आणि राहतं घर गहाण देतात. कागद इंग्रजीत. ख ने वडिलांना सांगितलेलं असतं की हमी 10 लाखांपुरती आणि सहा महिन्यांचीच आहे. प्रत्यक्षात ती ख च्या सगळ्या देण्यांची, जुन्या आणि नव्या. खातं मर्यादेबाहेर गेलंय आणि चेक परत जातायत, हे मॅनेजरला माहीत होतं. आठ महिन्यांनी बँक क कडे 46 लाख मागते. क ला सल्ला द्या. मी कलम 16, म्हणजे अनुचित प्रभाव, लिहिलं, क चं वय, बाप-मुलाचं नातं, घर जाणार हा अन्याय, आणि बंडी व अमादिओ हे दोन्ही निवाडे लिहिले. 12 पैकी 4 गुण. काय राहिलं?

उत्तर: निवाडे बरोबर निवडलेत. पण प्रभाव कुणाचा आणि करार कुणाशी, हे तुम्ही वेगळं केलं नसावं, आणि गुण बहुधा तिथेच गेले. गळ घातली मुलाने. करार झाला बँकेशी. क चं वय, एकटेपण, मुलावरचा विश्वास, हे तुम्ही जे जे लिहिलंत ते सगळं मुलाच्या दिशेने जातं. बँकेचा वकील एका वाक्यात ते बाजूला सारतो: बापलेकांत काय घडलं त्याच्याशी आम्हाला काय देणंघेणं? आम्ही कर्ज दिलं, त्यांनी सही केली. या वाक्याला उत्तर देणं म्हणजेच हा प्रश्न सोडवणं. मी कर्जवसुलीच्या प्रकरणांत बहुतेक वेळा जामीनदाराकडून आणि क्वचित बँकेकडून उभा राहतो, आणि प्रत्यक्षातही लढाई याच वाक्याभोवती चालते.

आधी एक खोटा रस्ता बंद करू. क ला या व्यवहारात एक रुपया मिळाला नाही, म्हणून मोबदला नाही आणि करार शून्य, असं बरेच विद्यार्थी लिहितात. कलम 127 म्हणतं की मूळ ऋणकोच्या फायद्यासाठी धनकोने काही केलं किंवा करण्याचं वचन दिलं, की जामीनदारापुरता तो पुरेसा मोबदला. ख ला पुढची उचल मिळाली असेल तर मोबदल्याचा मुद्दा संपला. हे दोन ओळींत लिहून पुढे जायचं.

आता कलम 16 चे शब्द नीट वाचा. पोटकलम 1 मध्ये 'पक्षांमधील संबंध' असे असावेत की एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकेल, आणि त्या स्थितीचा त्याने गैरफायदा घेतलेला असावा, असं म्हटलंय. पक्ष म्हणजे कराराचे पक्ष, इथे क आणि बँक. याच्या शेजारची दोन कलमं पाहिली की फरक डोळ्यांत भरतो. कलम 15 मध्ये जबरदस्ती कुणी केली याला महत्त्व नाही. ती 'कोणत्याही व्यक्तीला' करारात ओढण्याच्या हेतूने केलेली असली की झालं. कलम 17 मध्ये कपट पक्षाने स्वतः, त्याच्या संगनमताने किंवा त्याच्या एजंटने केलेलं लागतं. कलम 16 मध्ये मात्र तिऱ्हाइताचा उल्लेखच नाही. म्हणजे मुलाचा प्रभाव बँकेच्या माथी मारायचा असेल तर मधला पूल तुम्हालाच बांधावा लागतो. तुमच्या उत्तरात हा पूल नव्हता असं मी धरून चालतो.

पूल दोन प्रकारे बांधता येतो. पहिला एजन्सीचा. सही आणायचं काम बँकेने मुलावर सोपवलं असेल, कागद त्याच्या हाती दिले असतील, तर त्या कामापुरता तो बँकेचा माणूस होता, असा युक्तिवाद करता येतो. तुमच्या प्रश्नात मॅनेजर स्वतः घरी आलाय, त्यामुळे हा पूल थोडा लंगडा पडतो. बँक म्हणणार, आम्ही समोरच बसलो होतो, मुलाच्या हाती काही सोपवलं नव्हतं.

दुसरा माहितीचा. इंग्लंडमध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने 1993 च्या ओ'ब्रायन आणि 2001 च्या एट्रिज प्रकरणांत यासाठी नियमच घालून दिला: हमी देणाऱ्याचं ऋणकोशी व्यापारी नातं नसेल, तर बँकेने सावध झालंच पाहिजे आणि हमीदाराला धोका समजलाय याची खात्री करण्यासाठी वाजवी पावलं उचलली पाहिजेत, साधारणपणे स्वतंत्र वकिलामार्फत. भारतीय करार कायद्याच्या मजकुरात असा नियम नाही. तो मन वळवण्यासाठी वापरता येतो, पण आपल्याकडचा बंधनकारक कायदा म्हणून लिहिला तर परीक्षक लाल रेघ मारतो, आणि बरोबर मारतो.

मग कलम 16 सोडून द्यायचं का? नाही. ते थेट बँकेविरुद्ध तपासायचं. बँक आणि क यांच्यात वर्चस्वाचं नातं होतं का? बँक आणि ग्राहक एवढं नातं पुरत नाही. त्या कलमाचं उदाहरण (घ) पाहा: बाजारात पैशाची टंचाई असताना सावकाराने चढ्या व्याजाशिवाय कर्ज द्यायला नकार दिला, कर्जदाराने ते घेतलं, तरी तो धंद्याचा नेहमीचा व्यवहार ठरतो, अनुचित प्रभाव नव्हे. पण क चं स्वतःचं पेन्शन खातं वर्षानुवर्षं त्याच शाखेत असेल, ठेवी कुठे ठेवाव्यात हे ते मॅनेजरलाच विचारत असतील, तर चित्र बदलतं.

लॉइड्स बँक विरुद्ध बंडी याचं खरं महत्त्व इथे आहे. म्हातारा बंडी विल्टशरचा शेतकरी. 1969 च्या डिसेंबरात बँकेचा नवा सहायक मॅनेजर मुलासोबत त्याच्या घरी आला तो भरलेले फॉर्म घेऊनच, आणि बंडीने 11,000 पौंडांपर्यंतची हमी तिथल्या तिथे सही करून दिली. घराची किंमत साधारण 10,000 पौंड. याआधी त्याच वर्षी त्याच्या वकिलाने 5,000 च्या पुढे जाऊ नका असं सांगितलेलं होतं, पण या खेपेस वकिलाकडे जा असं त्याला कुणी म्हटलं नाही. अपील न्यायालयाने व्यवहार रद्द केला. विद्यार्थी मात्र लॉर्ड डेनिंग यांचं सौदाशक्तीच्या विषमतेचं तत्त्व लिहितात आणि थांबतात. उरलेल्या दोन न्यायाधीशांनी त्या तत्त्वाचा आधार घेतलाच नव्हता. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बंडी जुना ग्राहक, त्याने सल्ल्यासाठी बँकेवर भिस्त ठेवली, बँकेला ते कळत होतं, आणि इथे बँकेचं हित त्याच्या हिताविरुद्ध जात होतं. डेनिंग यांचं व्यापक तत्त्व 1985 मध्ये मॉर्गन प्रकरणात हाऊस ऑफ लॉर्ड्सने स्वीकारलं नाही. तेव्हा बंडी लिहायचा तो विश्वासाच्या नात्यासाठी, आणि मग तुमच्या प्रश्नाकडे वळून सांगायचं की बँक 'ख ची' आहे, क चं तिथे खातं असल्याचं प्रश्नात दिलेलं नाही. ही वस्तुस्थिती तपासावी लागेल असं लिहिलंत तर गुण वाढतात. 'सल्ला द्या' म्हटलंय म्हणजे अशिलाला विचारायचे प्रश्नही सल्ल्यातच येतात.

वयाचा मुद्दा कलम 16(2)(ख) मध्ये येतो, पण ते कलम म्हणतं की वय, आजार किंवा शारीरिक-मानसिक क्लेश यांमुळे 'मानसिक क्षमता' बाधित झालेली हवी. 74 वर्षं म्हणजे बाधित क्षमता नव्हे. निवृत्त शिक्षक रोज वर्तमानपत्र वाचत असतील, नातवाचा अभ्यास घेत असतील, तर हा मुद्दा उलटतपासणीत टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सुभाष चंद्र दास मुशिब प्रकरणात (1967) आजोबांनी नातवाला दिलेल्या बक्षीसपत्राबाबत स्पष्ट केलं की जवळचं नातं आणि उतारवय एवढ्यावरून अनुचित प्रभावाचं गृहीतक होत नाही. उलट कृष्ण मोहन कुल प्रकरणात (2003) दस्त करून देणारा निरक्षर आणि वयाची शंभरी ओलांडलेला होता, आणि तिथे भार दुसऱ्या बाजूवर गेला. तुमचे क या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहेत.

आता व्यवहार अन्यायकारक असल्याचा मुद्दा. 46 लाखांचं देणं, राहतं घर, फायदा शून्य, म्हणून शाबितीचा भार बँकेवर, असं तुम्ही लिहिलं असेल तर क्रम उलटा झाला. प्रिव्ही कौन्सिलने रघुनाथ प्रसाद विरुद्ध सरजू प्रसाद (1924) मध्ये हा क्रम घालून दिला आणि आजही तोच चालतो. आधी वर्चस्वाची स्थिती सिद्ध करा. ती झाली की व्यवहार सकृतदर्शनी अन्यायकारक आहे का ते पाहायचं. तसा असेल तरच कलम 16(3) खाली भार फिरतो. त्या प्रकरणात चक्रवाढ 24 टक्के व्याजाने सुमारे 10,000 रुपयांचे 11 वर्षांत एक लाखाच्या वर झाले होते, तरी कर्जदार हरला, कारण सावकार त्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवत होता हे त्याला दाखवता आलं नाही. सौदा कितीही वाईट असला तरी आपल्या कलम 16 मध्ये तो पहिल्या पायरीची जागा घेत नाही.

इथे अमादिओ हाताशी येतो, आणि इथेच तो फसवतोही. 1983 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टापुढे तुमच्यासारखीच गोष्ट होती: 76 आणि 71 वर्षांचं इटालियन जोडपं, इंग्रजी जेमतेम, मुलगा बिल्डर, मॅनेजर घरी आलेला, हमी 50,000 डॉलर आणि सहा महिन्यांपुरती असल्याचा समज, प्रत्यक्षात अमर्याद. बँक काही चेक वटवत होती, काही परत पाठवत होती, आणि त्यातून मुलाची कंपनी धडधाकट असल्याचा देखावा टिकत होता. आईबापांना यातलं काही माहीत नव्हतं. कोर्टाने सगळा व्यवहार रद्द केला, पण अनुचित प्रभावावर नाही, तर अन्यायकारक वर्तनाच्या वेगळ्या सिद्धांतावर. अनुचित प्रभावात आपण दुबळ्या बाजूकडे पाहतो: सही त्याच्या स्वतंत्र इच्छेने झाली का? अमादिओत आपण सबळ बाजूकडे पाहतो: समोरचा खास अडचणीत आहे हे माहीत असून, किंवा माहीत असायला हवं असून, तिने फायदा घेतला का? तुमचा पेपर भारतीय करार कायद्याचा असेल तर आपल्याकडे अमादिओसारखा स्वतंत्र सिद्धांत कलम म्हणून नाही हे सांगा. सर्वोच्च न्यायालयाने ब्रोजो नाथ गांगुली प्रकरणात (1986) अन्यायकारक अटी कलम 23 च्या सार्वजनिक धोरणात बसवल्या, पण ते नोकरीच्या एकतर्फी नियमाचं प्रकरण होतं. बँकेच्या हमीला ते जसंच्या तसं लावणं कठीण.

तर इथवर हाती काय आलं? मुलाच्या प्रभावाला पूल हवा, बँकेच्या प्रभावाला विश्वासाचं नातं हवं, अन्यायाला आधी वर्चस्व हवं, आणि तुमच्या प्रश्नात तिन्ही अर्धवट आहेत. हाच प्रश्न माझ्या टेबलावर आला तर मी पहिली उडी कलम 16 वर मारणार नाही. मी कलम 142 आणि 143 पासून सुरुवात करीन, आणि तुमच्या उत्तरातली सर्वांत मोठी उणीव तीच असावी.

कलम 142: धनकोने, किंवा त्याच्या माहितीने आणि संमतीने दुसऱ्याने, व्यवहाराच्या महत्त्वाच्या भागाबाबत चुकीचं सांगून मिळवलेली हमी अवैध. यात कलम 16 मध्ये नसलेली गोष्ट आयती मिळते, ती म्हणजे तिऱ्हाईत. '10 लाख, सहा महिने' हे मुलाने सांगितलं. मॅनेजर समोर असताना ते पुन्हा बोललं गेलं, त्याने ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही, एवढं सिद्ध झालं तर 'माहितीने आणि संमतीने' हे शब्द लागू होण्याच्या अगदी जवळ येतात. मुलाने ते आदल्या रात्री जेवताना सांगितलं असेल आणि मॅनेजरला पत्ताच नसेल, तर कलम 142 गळतं. प्रश्नात हा तपशील मुद्दाम मोकळा ठेवलाय, म्हणून दोन्ही शक्यता लिहा.

कलम 143: महत्त्वाच्या परिस्थितीबाबत मौन बाळगून धनकोने मिळवलेली हमी अवैध. याचं दुसरं उदाहरण या प्रश्नासाठीच लिहिल्यासारखं आहे. एक जण दुसऱ्याला लोखंड पुरवणार, तिसरा पैशाला जामीन. पुरवठादार आणि खरेदीदार यांच्यात आतून ठरलेलं असतं की बाजारभावापेक्षा टनामागे पाच रुपये जास्त द्यायचे आणि ते जुन्या कर्जात वळते करायचे. जामीनदाराला हे सांगत नाहीत, म्हणून तो जबाबदार नाही. आता क कडे बघा. नव्या उचलीच्या नावाखाली त्यांच्या घरावर मुलाचं जुनं बुडीत देणंही चढवलंय, आणि खातं मर्यादेबाहेर असल्याचं मॅनेजरने सांगितलं नाही. वर्चस्व सिद्ध करायची गरज नाही, क्षमता बाधित असल्याचं दाखवायची गरज नाही. मौन, त्या मौनाचा महत्त्वाचा विषय, आणि त्यातून मिळालेली हमी, एवढं पुरे.

बँक काय म्हणणार तेही लिहा. हमीचा करार हा विम्यासारखा सगळं आपणहून उघड करण्याचा करार नाही, न सांगणं म्हणजे मौन बाळगणं नव्हे, लपवण्याचा हेतू हवा, आणि धंद्याला पैसा लागतोय म्हणूनच जामीन मागतात हे कुणालाही कळतं. हा युक्तिवाद हलका नाही. त्याला उत्तर खात्याच्या उताऱ्यात सापडतं. अशा प्रकरणात मी हमीच्या तारखेआधीच्या काही महिन्यांचा उतारा, मंजुरीपत्र आणि शाखेने वरच्या कार्यालयाला पाठवलेली टिपणं मागवतो. टिपणात 'अतिरिक्त तारण मिळाल्यावरच पुढील व्यवहार' अशा अर्थाचं काही असेल, आणि हमीनंतर खात्यात नवा पैसा जवळजवळ गेलाच नसेल, तर ही हमी नव्या कर्जासाठी नसून जुनं कर्ज झाकण्यासाठी होती हे कागदच बोलतात. उलट हमीनंतर खरोखर 30 लाखांची नवी उचल मिळाली असेल, तर आपली बाजू बरीच पातळ होते.

दोन गोष्टी गुणपत्रिकेत लहान दिसतात, पण कोर्टात मोठ्या ठरतात. एक, घराचं गहाण वेगळं लिहा. कलम 142 आणि 143 'हमी'बद्दल बोलतात. गहाण हे क च्या हमीचं तारण असेल तर हमी गेली की गहाणालाही आधार उरत नाही. पण गहाण थेट ख च्या कर्जासाठी दिलेलं असेल, तर बँक म्हणेल की हमी पडली तरी गहाण उभं आहे, आणि तिथे तुम्हाला कलम 16, 17, 18 कडे परत यावं लागतं. दोन, 'अनुचित प्रभाव झाला' असं मोघम लिहून चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6 नियम 4 प्रमाणे कुणी, केव्हा, काय म्हटलं याचा तपशील कैफियतीत द्यावा लागतो.

एक आडवाट. प्रश्नात मुलाने 'सही केली नाहीत तर जीव देईन' म्हटलं असतं, तर चिक्कम अम्मिराजू (1917) आठवला असता. तिथे नवऱ्याने आत्महत्येची धमकी देऊन बायको आणि मुलाकडून स्वतःच्या भावाच्या नावे हक्कसोड लिहून घेतली, आणि मद्रास हायकोर्टाने बहुमताने ती जबरदस्ती ठरवली. फायदा तिसऱ्याचा असूनही कलम 15 लागलं, ते वर सांगितलेल्या फरकामुळे. आता मात्र भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचा जुना सर्वसाधारण गुन्हा उरलेला नाही, त्यामुळे हा निवाडा डोळे मिटून लावता येणार नाही.

शेवटी उपाय, जो तुमच्या उत्तरात 'करार शून्य' एवढ्यावर आटोपला असावा. कलम 16 सिद्ध झालं तर कलम 19क प्रमाणे करार आपोआप शून्य होत नाही, क च्या इच्छेनुसार रद्द होऊ शकतो. क ने काही लाभ घेतला असेल तर कोर्ट अटी घालू शकतं. कलम 142 किंवा 143 सिद्ध झालं तर कायदा थेट 'अवैध' म्हणतो. मग बँक हमखास विचारते: निदान 10 लाख तरी द्या, तेवढ्याला तर तुम्ही तयार होतात! अमादिओत जोडप्याला 50,000 डॉलरही भरावे लागले नाहीत, कारण खरी परिस्थिती कळली असती तर त्यांनी सहीच केली नसती. त्याच हायकोर्टाने 1995 मध्ये वादाझ प्रकरणात मात्र उलट केलं. कंपनीच्या संचालकाला वाटलं होतं की हमी पुढच्या मालापुरती आहे. कोर्टाने जुन्या देण्याची हमी काढली आणि पुढच्या मालाची कायम ठेवली, कारण तेवढी हमी त्याने तशीही दिली असती आणि माल मिळालाही होता. म्हणून क ना विचारायचा सर्वांत अडचणीचा प्रश्न हा: खातं बुडतंय हे कळलं असतं, तरी मुलासाठी 10 लाखांची सही केली असतीत का? बरेच बाप 'हो' म्हणतात. क नीही तसं म्हटलं तर सल्ल्यात लिहा की कलम 143 वर भर द्यावा, कारण तिथे हमी अर्धी राखण्याची सोय मजकुरात नाही, आणि कलम 19क वर गेल्यास बँक 10 लाखांची अट मागेल, तिला उत्तर द्यावं लागेल की क च्या हाती लाभ म्हणून काहीच आलेलं नाही.